उत्तर न मागणारा निरोप

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एखादं माणूस असतं, ज्याला स्वतःचा वाढदिवस नको असतो. कुणाला सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे लागलेल्या सहन होत नाहीत. कुणाच्या त्याच दिवसांत घरात काही वाईट घडून गेलेलं असतं. कुणाला त्या तारखेला फक्त वयाचा आणि राहून गेलेल्या गोष्टींचा हिशेब दिसतो. एरवी आपण अशा मित्राची थोडी थट्टा करतो, तोही हसतो आणि दिवस निघून जातो. पण एखाद्या वर्षी तो मित्र खरोखर खचलेला असतो. मग प्रश्न पडतो, यंदा त्याला काय पाठवायचं? नेहमीच्या शुभेच्छा पाठवाव्यात तर त्या बोचतील. काहीच पाठवू नये तर त्याला वाटेल, आपलं कुणाच्या लक्षातही नाही.

या प्रश्नाचं चांगलं उत्तर एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या कामात सापडतं. वाढदिवसाशी त्याचा थेट संबंध नव्हता, तरी मला ते इथे सगळ्यात उपयोगाचं वाटतं.

जेरोम मोटो हे सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ. 1969च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. नैराश्यामुळे किंवा जीव द्यायच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेले काही रुग्ण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारत किंवा मध्येच सोडून देत. असे 843 लोक होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाशी काहीच संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला पत्रं जाऊ लागली. पहिले चार महिने दर महिन्याला एक, नंतरचे आठ महिने दोन महिन्यांनी एक आणि पुढची चार वर्षं तीन महिन्यांनी एक, अशी पाच वर्षांत 24 पत्रं. पत्र दोन-तीन ओळींचं असे. तुम्ही इथून जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, काही कळवावंसं वाटलं तर आम्हाला आनंद होईल, एवढाच मजकूर. औषध घेताय का, तपासणीला कधी येताय, असं एक अक्षरही त्यात नसे. रुग्णालयात ज्याने त्या रुग्णाशी बोलणं केलं होतं, त्याच्याच सहीने पत्र जाई. छापील नमुना वापरायचा नाही, प्रत्येक वेळी शब्द वेगळे, आणि रुग्णाने मध्यंतरी काही लिहिलं असेल तर त्याचा उल्लेख. सोबत परतीचा पत्ता लिहिलेलं पाकीट असे, पण त्यावर तिकीट लावलेलं नसे.

ज्यांना पत्रं गेली त्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण संपर्क नसलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी राहिलं. पुढे हा फरक हळूहळू मिटत गेला. मोटो आणि त्यांचे सहकारी अॅलन बोस्ट्रॉम यांनी हे सगळं 2001मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. नंतर इतर देशांतही असे प्रयोग झाले. प्रत्येक ठिकाणी एवढा परिणाम दिसला नाही, त्यामुळे दोन ओळींच्या पत्राला उपचाराची जागा देता येणार नाही. तरी तेहरानमधला प्रयोग इथे सांगायलाच हवा. विषप्राशनानंतर वाचलेल्या लोकांना तिथे वर्षभरात नऊ पोस्टकार्डं पाठवली गेली आणि त्यातलं एक मुद्दाम त्यांच्या वाढदिवशी. 2011मध्ये निकाल आले तेव्हा ज्यांना कार्डं मिळाली त्यांच्यात जीव द्यायचे विचार आणि प्रयत्न दोन्ही कमी आढळले.

मोटोंना ही कल्पना स्वतःच्या तरुणपणातून सुचली होती. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात असताना थोडीशीच ओळख असलेली एक तरुणी त्यांना पत्रं लिहीत असे. त्या पत्रांत मागणं काही नसे, आणि त्यामुळेच ती त्यांना आधार वाटली. खचलेल्या माणसाला बरेचदा उत्तर देणंच जड जातं. फोन उचलायचा, आवाज नीट ठेवायचा, ‘मी बरा आहे’ म्हणायचं, आभार मानायचे, या प्रत्येक गोष्टीला बळ लागतं आणि नेमकं तेच संपलेलं असतं. वाढदिवसाला तर असं देणं शंभर जणांना द्यायचं असतं. सकाळपासून फोन वाजतो, घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर फुलं आणि केक येऊन पडतात, आणि प्रत्येकाला ‘धन्यवाद’ लिहायचं असतं. न लिहावं तर उद्धटपणा दिसतो. आनंदी असायची सक्ती असलेला हा वर्षातला एकमेव दिवस. मन जड असलेल्या माणसाला तो का नकोसा वाटतो हे यातून कळतं.

आता एक उदाहरण घेऊ. दोन मित्र, वयं पन्नाशीच्या आसपास, दोघेही मूळचे सोलापूरचे. कॉलेजात पुण्याला एका खोलीत राहिलेले. एक आता ठाण्यात असतो, दुसरा पुण्यातच. ठाण्यातल्याला वाढदिवस कधीच आवडला नाही, पण दर वर्षी आईच्या हट्टाखातर तो औक्षणाला पाटावर बसायचा. या फेब्रुवारीत आई गेली. त्यानंतर तो ग्रुपवर बोलेनासा झाला, दोनदा ठरलेली भेट त्याने टाळली, आणि बायको म्हणते की रात्री झोप नसते. नोव्हेंबरात त्याचा वाढदिवस आहे. पुण्यातल्या मित्राने काय लिहावं?

पहिल्या झटक्यात बहुतेक जण असं काहीतरी लिहितील: ‘हॅपी बर्थडे मित्रा! तुला आवडत नाही माहीत आहे, पण तरीही! हे वर्ष कठीण गेलं, पण हिंमत सोडू नको, सगळं ठीक होईल. काकू वरून बघतायत, त्यांना तुला हसताना बघायचंय. काही लागलं तर कधीही हाक मार. आज संध्याकाळी फोन करतो, उचल नक्की!’

यातलं प्रत्येक वाक्य प्रेमापोटी लिहिलेलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य त्या माणसावर काहीतरी लादतं. ‘आवडत नाही माहीत आहे, पण तरीही’ म्हणजे तुझी नावड मला कळते, पण मी ती मानत नाही. ‘सगळं ठीक होईल’ हे कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याची आई गेली त्याच्यासाठी ते खरंही नाही. काकूंच्या नावाने हसायला सांगणं सगळ्यात वाईट. आईच्या आठवणीने रडू आलं तर आता आईलाही दुखावल्यासारखं वाटायचं! ‘काही लागलं तर हाक मार’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं आणि ऐकायला उदार वाटतं. पण त्यात आपल्याला काय हवंय ते शोधायचं, ते मागण्याइतकं धाडस गोळा करायचं आणि समोरच्याला वेळ आहे का याचा अंदाज घ्यायचा, ही सगळी कामं खचलेल्या माणसाच्याच गळ्यात पडतात. तो हाक मारत नाही. आपल्याला वाटतं, त्याला काही नको असेल. शेवटी फोन उचलायची ताकीद आहेच.

आता तोच मित्र थोडा थांबून लिहितो:

‘आज तुझी तारीख, लक्षात आहे. शुभेच्छांचा गजर करत नाही. काकूंशिवायचा हा पहिलाच वाढदिवस, म्हणून सकाळपासून तुझी आठवण येतेय. सोलापूरहून निघताना त्या शेंगाचटणीचा डबा द्यायच्या आणि महिनाभर पुरवा म्हणायच्या. आपण तो कधी तीन दिवसांच्या वर जाऊ दिला नाही. रविवारी ठाण्यात येतोय. सोलापूरची चटणी आणली आहे, ती खाली वॉचमनकडे ठेवून जाईन. वाटलं तर खाली ये, चहा घेऊ. नाही वाटलं तर पुन्हा कधीतरी. याला उत्तर द्यायचं नाहीये.’

यात दिवसाचा उल्लेख आहे, कारण न बोलून तो दिवस नाहीसा होत नाही. मित्राला वाढदिवस आवडत नाही म्हणून तारीखच विसरल्याचं सोंग करणं मला पटत नाही. साजरं करणं नको असतं, आठवण नको असते असं नाही. गेलेल्या माणसाचं नाव आहे. आपल्याकडे दुःखी माणसासमोर गेलेल्याचं नाव काढू नये असा समज आहे, उगाच जखम उघडेल म्हणून. पण ज्याची आई गेली तो ते विसरलेला नसतोच. इतर सगळे गप्प झाले की त्याला वाटू लागतं, तिची आठवण आता फक्त आपल्यालाच उरली. तिच्याबद्दलची एक खरी, बारीकशी गोष्ट सांगणं हे ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ याच्यापेक्षा कितीतरी मोलाचं. ती गोष्ट दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती, म्हणून हा निरोप पुढे ढकललेला नाही हे वाचताक्षणी कळतं. मोटोंनी छापील पत्रं का टाळली, त्याचं कारण हेच असावं.

मदत आहे, पण ती ठरवून झालेली आहे. वस्तू, दिवस, जागा सगळं आधीच सांगितलं आहे. मित्राने काहीही केलं नाही तरी चटणी पोचते. त्याला दार उघडावं लागत नाही, घर आवरावं लागत नाही, चेहरा नीट करावा लागत नाही. भेटीचं दार मात्र उघडं ठेवलं आहे.

शेवटचं वाक्य अनेकांना कोरडं वाटेल. ‘उत्तर द्यायचं नाहीये’ असं कुणी मित्राला लिहितं का? माझ्या मते या निरोपातलं सगळ्यात मायेचं वाक्य तेच आहे, कारण दिवसभरात आलेल्या निरोपांपैकी या एकाचं ओझं त्याच्यावर उरत नाही. अट एवढीच की ते मनापासून लिहायला हवं. लिहून झाल्यावर दर अर्ध्या तासाने निळ्या खुणा उमटल्या का ते बघत बसायचं आणि संध्याकाळी ‘बघितलंस का?’ विचारायचं असेल, तर ते वाक्य लिहूच नये.

पुरुषांच्या मैत्रीबद्दल इथे वेगळं बोलायला हवं. आपल्याकडे दोन जुने मित्र एकमेकांवरचं प्रेम शिव्या देऊन आणि टिंगल करूनच दाखवतात. ‘म्हाताऱ्या, झाला का पन्नास’ यात खूप जिव्हाळा असतो, आणि चांगल्या वर्षी तो पोचतोही. खचलेल्या वर्षी मात्र टिंगल ऐकणाऱ्यालाही टिंगलीनेच उत्तर द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा सोंग. एका वर्षापुरतं सरळ बोललं तर मैत्रीचा सूर बिघडत नाही. अवघडल्यासारखं मात्र लिहिणाऱ्याला होतं, आणि बरेच निरोप त्या अवघडलेपणातच राहून जातात. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: अचानक केलेल्या चौकशीचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारे नेहमी कमीच बांधतात.

निरोप कधी पाठवावा? रात्री बारा वाजता नको. झोप उडालेल्या माणसासाठी ती वेळ आधीच वाईट असते, आणि बाराला पाठवलेला निरोप साजरं करण्याच्या बाजूचा असतो. सकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी, किंवा दुपारी ती ओसरल्यावर पाठवावा. सगळ्यांसमोर ग्रुपवर न लिहिता थेट त्यालाच लिहावं. ग्रुपमध्ये आपलं वजन असेल तर आणखी एक काम शांतपणे करता येतं. जवळच्या दोघा-चौघांना आधीच सांगून ठेवायचं की यंदा त्याच्या घरी सुतकाचं वर्ष आहे, ग्रुपवर केक आणि फुगे नकोत. हे केलंय असं मित्राला कळवायची गरज नाही. बायकोशी बोलणं असेल तर ऑफिसात किंवा सोसायटीत कुणी अचानक काही घडवून आणत नाहीये ना, एवढं तिला विचारून घ्यावं. वाढदिवस नको असलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत दिवा लावून पंधरा माणसं दाखवणं ही प्रेमळ माणसांनी केलेली क्रूर गोष्ट असते.

खरं तर दुःखाचा सण कसा पाळावा हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं. घरात कुणी गेलं की अनेक घरांत त्या वर्षी सण करत नाहीत. पण म्हणून त्या घराला एकटंही सोडत नाहीत. पहिल्या सणाला जवळचे नातेवाईक येतात, करून आणलेलं अन्न सोबत असतं, बसतात, दोन घास खायला लावतात आणि उठून जातात. कुणी हसा म्हणत नाही. त्या दिवशी या घरात जेवण होणं आणि कुणीतरी शेजारी असणं, एवढंच बघितलं जातं. वाढदिवसासाठी अशी काही रीत आपल्याकडे तयार झालेली नाही. गेल्या दोन पिढ्यांत तो केक, हॉल आणि चौकातल्या फ्लेक्सपर्यंत पोचला, पण दुःखातला वाढदिवस कसा पाळायचा हे मात्र कुणी ठरवलं नाही. पहिल्या सणाची ती जुनी रीत इथे जशीच्या तशी चालेल असं मला वाटतं.

निरोप गेला, पुढे काय? उत्तर आलं नाही तर ते तसंच राहू द्यावं. नुसता अंगठा आला तर तोही पुरेसा आहे. त्यावर लगेच पाच ओळी लिहून त्याला पुन्हा बोलायला लावू नये. लांब उत्तर आलं तर मात्र तेव्हाच वेळ काढावा, ऐकावं, आणि तोडगा सुचवायची घाई करू नये.

मोटोंच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. पत्रं एकदाच गेली नव्हती, ती वर्षानुवर्षं जात राहिली. वाढदिवसाला शंभर निरोप येतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. म्हणून दुसरा निरोप साधारण तीन आठवड्यांनी जावा, काहीही कारण नसताना. ‘आज लक्ष्मी रोडवरून जाताना आपलं जुनं हॉटेल दिसलं, तुझी आठवण झाली’ एवढंही चालतं. त्यानंतर महिन्याने आणखी एक. आपल्या उदाहरणातल्या मित्रासाठी फेब्रुवारीतलं आईचं वर्षश्राद्ध ही पुढची अवघड तारीख आहे. त्या आठवड्यात एक निरोप हवाच.

निरोप पुरेसा नसतो, अशीही वेळ येते आणि ती ओळखता आली पाहिजे. आईच्या आठवणीने रडणं, गर्दी टाळणं, सणावाराला उदास होणं हे दुःख आहे, त्याला वेळ लागतो. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसभर मन बुडालेलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या कशातच रस उरला नसेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि तो ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, किंवा फार अस्वस्थ असताना अचानक शांत झाला, तर त्या दिवशी निरोप लिहीत बसू नये. फोन करावा, शक्य असेल तर समोर जाऊन बसावं आणि सरळ विचारावं, ‘जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. ती खरी नाही. विचारल्याने असा विचार नव्याने येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी मदत गाठायची. यात गुपित राखायचं वचन देऊ नये. वाढदिवसाचा दिवस काहींना खरोखर जड जातो. जपानमधल्या अनेक वर्षांच्या मृत्युनोंदींच्या अभ्यासात वाढदिवशी आत्महत्या जास्त आढळल्या होत्या. म्हणून आधीपासून काळजी वाटत असेल तर त्या दिवशी चौकशी करायला संकोचू नये.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022मध्ये सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. खचलेल्या माणसानेच फोन केला पाहिजे असं नाही. मित्राला कसं सांभाळावं हे विचारायलाही तुम्ही तो लावू शकता. तो आजच फोनमध्ये जतन करून ठेवा, आणि मित्राच्या तारखेपुढे तीन आठवड्यांनंतरची तारीखही लिहून ठेवा.